शाळेच्या जुन्या पुस्तकांच्या बाजाराला नाव काय द्यावं?

मे-जूनमध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानापुढे उभं राहिलं की काही समजावून सांगावं लागत नाही. आईच्या हातात शाळेची यादी असते आणि दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कितवी? कुठलं बोर्ड?’ हीच देवघेव मोबाइलवर आणली की चौक, गर्दी, पुस्तकांचे गठ्ठे असं काहीच सोबत येत नाही. ओळख पटवायला फक्त नाव असतं. निकाल लागल्यापासून शाळा उघडेपर्यंत जेमतेम दीड महिना मिळतो, त्यामुळे नावाचा अर्थ लोकांच्या हळूहळू लक्षात येईल म्हणून थांबायलाही सवड नसते.

नाव ऐकताच तीन गोष्टी कळायला हव्यात: पुस्तकं शाळेची आहेत, वापरलेली आहेत आणि ती विकत मिळतात. बहुतेक नावं यांतल्या एखाद्या गोष्टीवर अडखळतात. ‘ज्ञानगंगा’ किंवा ‘विद्यासागर’ ऐकून क्लास डोळ्यांसमोर येतो. नुसतं ‘जुनी पुस्तकं’ म्हटलं तर कादंबऱ्या आणि दुर्मीळ ग्रंथ शोधणारे येतात. ‘पुस्तकपेढी’ हे नाव कानाला गोड वाटतं, पण आपल्याकडे शाळा-कॉलेजांच्या पुस्तकपेढीतून पुस्तक वर्षभर वापरायला मिळतं आणि परीक्षेनंतर परत करावं लागतं. त्यामुळे पालक विचारणार, ‘परत कधी द्यायचं?’ ‘अदलाबदल’ म्हटलं की पैशांचा प्रश्नच नाही असं वाटतं. ‘दान’ शब्द आला तर विकणारा किंमत सांगायला संकोचतो आणि घेणाऱ्याच्या मुलाला वर्गात कमीपणा वाटतो.

मला सर्वांत फसवं वाटतं ते ‘मागच्या वर्षीची पुस्तकं’. वापरलेली आणि शाळेची, दोन्ही त्यात आलं. पण पालकांची खरी धास्ती हीच असते की अभ्यासक्रम बदलला तर पुस्तक वाया जाईल, आणि हे नाव नेमकं तिथेच बोट ठेवतं.

नावात ‘बालभारती’ घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. 1967 साली स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाची ती ओळख आहे. ती वापरली तर सरकारी आणि कोरी पुस्तकं मिळतात असा समज होईल. शिवाय दुसऱ्याची ओळख वापरल्याबद्दल कायद्याची अडचण येऊ शकते, ती वेगळीच.

मग सरळ ‘शाळेची जुनी पुस्तकं’ का नको? समजायला याहून सोपं नाव नाही. पण ट्रेडमार्कच्या 1999च्या कायद्यात नवव्या कलमानुसार, मालाचं किंवा सेवेचं केवळ वर्णन करणारं नाव सहसा नोंदवून मिळत नाही. उद्या शेजारच्यानं तेच नाव घेतलं तर त्याला अडवणं कठीण. म्हणून वर्णन ओळीत ठेवावं आणि नाव थोडं वेगळं घ्यावं.

समजा, आपण ‘ताईदादा बुक्स’ असं नाव ठेवलं. आपल्या घरांत वरच्या वर्गातल्या ताईची पुस्तकं धाकट्याकडे येणं ही जुनी रीत. त्यामुळे ‘वापरलेलं’ हे न सांगता कळतं, आणि त्यात हिणकस काही राहत नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही ते उच्चारता येतं. फोनवर ऐकून रोमन लिपीत लिहिलं तर बहुतेक जण taidadabooks असंच लिहितील. ‘पाठ्यपुस्तक’चं तसं होत नाही. कुणी pathya, कुणी paathya लिहितो आणि भलत्याच पानावर पोचतो. पण ‘ताईदादा’ एकटं पुरत नाही. गोष्टींची पुस्तकं असतील असंही कुणाला वाटेल. म्हणून फलकावर, चिन्हाखाली, सगळीकडे एक ओळ कायम हवी: ‘शाळेची वापरलेली पुस्तकं, घ्या आणि विका’. ‘विका’ गाळू नये. सातवी संपलेल्या मुलाच्या घरी पडलेली पुस्तकंच बाजारात आली नाहीत, तर घ्यायला येणाऱ्याला काय मिळणार?

पारख करायची तर ‘नाव आवडलं का?’ असं विचारू नये; बहुतेक लोक भिडेखातर हो म्हणतात. नाव आणि ती ओळ काही क्षण दाखवून फोन बाजूला ठेवावा आणि विचारावं, ‘इथे काय मिळेल? नवं की जुनं? तुमच्या घरची पुस्तकं इथे देता येतील का, आणि पैसे मिळतील का?’ आई आणि आठवीतली मुलगी यांना वेगवेगळं विचारावं, कारण एकत्र बसवलं तर मुलगी आईचंच उत्तर उचलते. दोघींची उत्तरं जुळली नाहीत तर आधी ओळ बदलून पाहावी, तरीही घोळ राहिला तर नाव.

इयत्ता, बोर्ड, माध्यम आणि आवृत्तीचं वर्ष मात्र नावात कोंबू नये. ते प्रत्येक पुस्तकाच्या फोटोखाली पहिल्याच ओळीत यावं. आत लिहिलेलं असेल तर तेही तिथेच सांगावं, कारण राज्य मंडळाच्या काही इयत्तांच्या पुस्तकांत 2023पासून नोंदींसाठी कोरी पानं जोडली गेली होती, आणि वापरलेल्या प्रतींत ती भरलेली असू शकतात.