फुटकळ तक्रारींतून तटस्थ गोषवारा

ग्राहकांकडून अभिप्राय भरून घेतले की फॉर्मच्या तळाशी ‘काही सूचना’ असा रकाना असतो. कोणी त्यात चार शब्द लिहितो, कोणी मागच्या पानापर्यंत जातो. व्यवस्थापकाला हे सगळे फॉर्म वाचायला वेळ नसतो. त्याच्यासाठी कोणीतरी या तक्रारी एकत्र करून एका पानाचा गोषवारा लिहितो. पुढचे निर्णय बऱ्याचदा त्या एका पानावरच होतात, त्यामुळे लिहिणाऱ्याने कुठे भर घातली आणि कुठे गाळले याला फार महत्त्व येते.

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावातली रक्त-लघवी तपासणीची एक लॅब घेऊ. महिनाभरात १२० जणांनी फॉर्म भरले आणि त्यांपैकी ४१ जणांनी सूचनांच्या रकान्यात काहीतरी लिहिले, असे समजू. मजकूर साधारण असा: ‘सकाळी फार गर्दी.’ ‘रिपोर्ट संध्याकाळी म्हणाले, मिळाला दुसऱ्या दिवशी, आणि विचारलं तर काउंटरवरच्या बाई अंगावर येतात.’ ‘उपाशीपोटी तासभर ताटकळत ठेवलं.’ ‘या लोकांना माणुसकीच नाही.’ ‘आईच्या रिपोर्टवर दुसऱ्याच बाईचं नाव.’

पहिले काम म्हणजे प्रत्येक फॉर्मला क्रमांक देणे आणि प्रत्येक तक्रार वेगळ्या चिठ्ठीवर किंवा वेगळ्या ओळीत उतरवणे. एका वाक्यात दोन तक्रारी असतील तर ते वाक्य फोडायचे. वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या वाक्यात रिपोर्टचा उशीर आणि काउंटरवरचे बोलणे अशा दोन गोष्टी आहेत. वाक्य अखंड ठेवले तर त्यातली एक हमखास हरवते. याच्या उलटही घडते. १७ क्रमांकाच्या फॉर्मवर एकाच माणसाने ‘गर्दी फार’, ‘टोकन असून नंबर लागत नाही’ आणि ‘तासभर बसलो’ असे तीन मुद्दे लिहिले आहेत. तक्रार एकच आहे, फक्त तीनदा सांगितली आहे. म्हणून मोजणी माणसांची करायची. मुद्दे मोजले तर ज्याला लिहायचा उत्साह जास्त, त्याचे वजन तिप्पट होते.

यानंतर चिठ्ठ्यांचे गट करायचे. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी नेपाळमधल्या क्षेत्रकार्यात जमलेल्या विस्कळीत नोंदी लावण्यासाठी एक पद्धत बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती केजे पद्धत म्हणून ओळखली जाते. तिचा गाभा सोपा आहे: मथळे आधी ठरवायचे नाहीत. जवळची वाटणारी चिठ्ठी चिठ्ठीशेजारी ठेवत जायची आणि गट जमल्यावरच त्याला नाव द्यायचे. लॅबच्या तक्रारींना हे नेमके लागू पडते. ‘रिपोर्टचा उशीर’ असा मथळा आधीच घेऊन बसले तर रिपोर्टबद्दलच्या सगळ्या, म्हणजे १४ जणांच्या चिठ्ठ्या त्याखाली जातात. खालून वर गेले की त्यांत दोन गट दिसतात. ८ जणांना सांगितलेल्या वेळेत रिपोर्ट मिळाला नाही. उरलेल्या ६ जणांचा रिपोर्ट तयार होता, पण तसा निरोप आला नाही आणि त्यांना दोन-दोन फोन करावे लागले. पहिली गोष्ट मशीनपाशी किंवा तपासणीच्या टेबलावर शोधावी लागेल, दुसरी निरोप पाठवण्याच्या व्यवस्थेत. मथळा चुकला असता तर व्यवस्थापकाने नको त्या ठिकाणी दुरुस्ती केली असती.

यापुढचा भाग भाषेचा आहे आणि सर्वाधिक घसरण इथेच होते. तटस्थ लिहायचे म्हणजे सौम्य लिहायचे, अशी एक समजूत आहे. ‘काही ग्राहकांना सकाळी थोडी प्रतीक्षा करावी लागते’ हे वाक्य सभ्य वाटते, पण ते लॅबच्या बाजूने झुकलेले आहे. थोडी म्हणजे किती, हे ग्राहकांनी सांगितले होते आणि लिहिणाऱ्याने ते पुसले. ‘सकाळच्या ढिसाळ कारभाराने रुग्ण हैराण’ हे वाक्य दुसऱ्या बाजूला झुकते. तटस्थ वाक्य असे होईल: ‘१७ जणांनी सकाळच्या रांगेबद्दल लिहिले. त्यांपैकी ६ जणांनी वेळ नोंदवली असून ती ४० मिनिटे ते सव्वा तास आहे. १२ जण उपाशीपोटी चाचणीसाठी आले होते.’ यात विशेषण एकही नाही, तरी उपाशीपोटी बसलेल्या माणसाचा त्रास वाचणाऱ्यापर्यंत पोचतो.

क्रियापदांकडेही लक्ष हवे. ‘ग्राहकाचा दावा आहे’ म्हटले की संशय डोकावतो. ‘उघडकीस आले’ म्हटले की गोष्ट सिद्ध झाल्यासारखी वाटते. ‘लिहिले’ आणि ‘नोंदवले’ ही साधी क्रियापदे पुरतात. कारणेही लिहिणाऱ्याने जोडायची नाहीत. ‘कर्मचारी कमी असल्याने रांग लागते’ हे कदाचित खरे असेल, पण कोणाही ग्राहकाने तसे लिहिलेले नाही. असा अंदाज द्यायचाच असेल तर ‘लिहिणाऱ्याचे निरीक्षण’ म्हणून वेगळा द्यावा.

‘माणुसकीच नाही’ या चिठ्ठीचे काय करायचे? त्या फॉर्मवर दुसरे काहीच नसेल तर तिला कुठल्याही गटात कोंबू नये. ‘तीव्र नापसंती, कारण दिलेले नाही: १’ एवढीच नोंद प्रामाणिक ठरते. काउंटरवरच्या बोलण्याबद्दल लिहिणाऱ्या ९ जणांपैकी कोणी कर्मचाऱ्याचे नाव घेतले असेल तर गोषवाऱ्यात नाव येऊ नये. जागा आणि वेळ लिहावी: ‘काउंटर, सकाळची पाळी’. नाव छापले की व्यवस्थापकाचे लक्ष प्रश्नावरून उडून त्या माणसावर जाते, आणि त्याची बाजू तर फॉर्मवर नसतेच.

क्रम लावताना साधारणपणे मोठ्या आकड्याचा गट वर येतो. अपवाद गंभीर तक्रारीचा. रिपोर्टवर दुसऱ्याचे नाव आल्याची तक्रार एकानेच केली आहे. आकड्यांच्या क्रमात ती पंख्याच्या आणि पार्किंगच्या तक्रारींशेजारी तळाला जाईल. पण चुकीच्या नावाच्या रिपोर्टवरून चुकीचे औषध सुरू होऊ शकते. म्हणून ती गोषवाऱ्याच्या अगदी वर, वेगळ्या चौकटीत, ‘एक नोंद, तातडीने पडताळणी आवश्यक’ अशा शब्दांत द्यावी. गोषवारा लिहून होण्याची वाटही न पाहता ती व्यवस्थापकाच्या कानावर घातली तर आणखी बरे.

गोषवाऱ्याच्या सुरुवातीलाच मर्यादा एका ओळीत सांगाव्यात: ‘१२० फॉर्म, त्यांपैकी ४१ जणांनी सूचना लिहिल्या, एकाची तक्रार एकापेक्षा अधिक गटांत असू शकते.’ शेवटचे कलम विसरले तर गटांची बेरीज ४१ च्या पुढे का जाते, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो. टक्केवारी टाळावी. ‘४१ टक्के लोक रांगेमुळे नाराज’ हे वाक्य १७ भागिले ४१ करून सहज निघते, पण त्याचा अर्थ लॅबमध्ये येणाऱ्या शंभरातले ४१ असा घेतला जातो. रकाना कोरा सोडणाऱ्या ७९ जणांना समाधानी म्हणणेही तितकेच चूक. त्यांनी काही लिहिले नाही, एवढेच ठाऊक आहे.

प्रत्येक गटाखाली ग्राहकाचे एखादे मूळ वाक्य त्याच्याच शब्दांत असावे, पण ते गटाचे प्रातिनिधिक हवे. सगळ्यात झणझणीत वाक्य उचलायचा मोह होतो आणि मग तटस्थ परिच्छेदाचा सूर एका अवतरणाने बदलतो. रांगेच्या गटाला ‘सात वाजता टोकन घेतलं, सव्वाआठला नंबर लागला’ हे वाक्य पुरेसे आहे.

मसुदा झाल्यावर पडताळणी दोन्ही बाजूंनी करावी. गठ्ठ्यातून कोणतेही दहा फॉर्म काढायचे आणि त्यांतली प्रत्येक तक्रार गोषवाऱ्यात कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायचे. जी सापडत नाही ती गळाली. मग उलटीकडून, गोषवाऱ्यातले प्रत्येक विधान घेऊन ते कोणत्या क्रमांकांच्या फॉर्मवरून आले ते पाहायचे. ज्याला क्रमांक मिळत नाही ते वाक्य लिहिणाऱ्याच्या डोक्यातून आलेले असते आणि ते खोडावे लागते. हे काम चिठ्ठ्या न लावलेल्या सहकाऱ्याने केले तर चुका लवकर सापडतात. क्रमांकांसह मूळ तक्रारींची पूर्ण यादी शेवटी जोडावी, म्हणजे व्यवस्थापकाला एखाद्या वाक्याची शंका आली तर मूळ फॉर्म लगेच काढता येतो.