जांभई दिली आणि तोंड मिटेना

मालवण-कुडाळकडे दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. आख्यान ऐन रंगात असतं, पण तीन-साडेतीनला मागच्या रांगांतून जांभया सुरू होतात. समजा, त्यातल्या एका आजीने मोठी जांभई दिली आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मिटायचा प्रयत्न करतात, मिटत नाही. लाळ गळते, बोललेलं कळत नाही. भोवतालच्यांना वाटतं, अर्धांगाचा झटका आला. पण झटक्यात तोंड एका बाजूला ओघळतं, जबडा असा आ वासून अडकत नाही. शिवाय आजींचे हातपाय ठीक आहेत. आणि कानाच्या पाळीपुढे, दोन्ही बाजूंना, एरवी नसतो असा खळगा दिसतोय. जबडा निखळलाय.

तो खळगा का पडला, हे स्वतःवरच तपासता येतं. कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. सुरुवातीला बोटाखालचं हाड जागच्या जागी फिरतं. साधारण दोन-अडीच सेंटिमीटर तोंड उघडलं, की ते पुढे सरकू लागतं आणि बोटाखाली पोकळी जाणवते. खालच्या जबड्याच्या दोन्ही टोकांना एकेक गोलसर डोकं असतं. ते कवटीच्या खोबणीत बसतं, मध्ये कूर्चेसारखी चिवट चकती. खोबणीच्या पुढच्या कडेला हाडाचाच एक उंचवटा आहे. मोठा आ केला, की हे डोकं खोबण सोडून उतारावरून त्या उंचवट्यापर्यंत येतं. म्हणजे खोबणीतून बाहेर येणं हा बिघाड नव्हे, तो रोजचाच प्रवास आहे. बिघाड होतो तो डोकं उंचवटा ओलांडून पुढच्या बाजूला उतरलं तर.

आता स्नायूंकडे या. चावण्याचे मुख्य स्नायू प्रत्येक बाजूला चार. दात आवळले की गालावर टणक लागतो तो मॅसेटर, कानशिलावर हलतो तो टेम्पोरॅलिस, आणि जबड्याच्या आतल्या अंगाला मीडियल टेरिगॉइड. हे तिघे जबडा वर खेचतात. कुर्लीचा डेंगा दाढेखाली फुटतो तो यांच्याच जोरावर; धडधाकट माणसाच्या दाढांवर हा दाब 50 किलोंच्या वजनाहून अधिक भरतो. चौथा, लॅटरल टेरिगॉइड, जबड्याचं डोकं पुढे ओढतो. तोंड उघडायला मदत करणारा चौघांत हा एकटाच.

जांभईत डोकं उंचवट्यापलीकडे गेलं, की ताणलेले तिन्ही मोठे स्नायू आवळतात आणि जबडा वर खेचतात. नेहमी याच ओढीने तोंड मिटतं. पण आता डोकं उंचवट्याच्या पुढे आहे. वर खेचल्याने ते तिथेच अधिक घट्ट रुततं. दुखलं की स्नायू आणखी आवळतात, आवळले की आणखी दुखतं. आजी जितका जोर लावतात तितकं तोंड अडकतं, ते यामुळे. एकच बाजू निखळली असती, तर हनुवटी विरुद्ध बाजूला वळली असती.

त्यामुळे डॉक्टर आधी ओढ सैल करतात. आजींना पाठीला आधार देऊन खाली बसवतात, धीर देतात, गरज पडली तर गुंगीचं किंवा स्नायू सैल करणारं औषध देतात. पडल्याची किंवा मार लागल्याची शंका असेल तर आधी एक्स-रे, कारण हाड मोडलेलं असलं तर हिसका महागात पडतो. मग अंगठ्यांना गॉज गुंडाळून ते खालच्या दाढांवर ठेवतात, बाकीची बोटं हनुवटीखाली. जोर आधी खाली आणि डोकं उंचवट्याच्या खाली उतरलं की मग मागे. हा क्रम चुकवून आधीच मागे ढकललं, तर हाड हाडावर अडतं. बसताक्षणी सैल झालेले स्नायू पुन्हा ओढ घेतात आणि दात खाडकन मिटतात. गॉज असतो तो यासाठी. घरी कुणी पुढारपण करून हा प्रयोग करू नये, याचंही ते एक कारण आहे. अंगठे दाढांवर आणि बोटं हनुवटीखाली, ही पकड साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरसमध्येही सापडते. सुश्रुतसंहितेत शेक देऊन, सांधा बसवून वर पट्टी बांधायला सांगितलं आहे.

पट्टी आजही लागते. सांध्याभोवतीचे बंध ताणलेले असतात, म्हणून दोन-तीन आठवडे पेज, मऊ भात, काटे काढलेला मासा. आणि जांभई आलीच तर हनुवटीखाली मूठ. एकदा निखळलेला जबडा पुन्हा निखळायची भीती राहते. काहींना उलटी थांबवणाऱ्या मेटोक्लोप्रामाइडसारख्या औषधाने जबड्याचे स्नायू आपोआप आकसतात आणि जबडा निखळतो. अशा वेळी बसवलेला जबडा पुन्हा सुटू शकतो, म्हणून स्नायूंची ती आकडी उतरवणारं इंजेक्शनही द्यावं लागतं. त्यामुळे कोणती गोळी घेतली होती, हे डॉक्टरांना आधी सांगावं.

पहिल्या काही तासांत जबडा बसवण्याचं काम बहुधा मिनिटांत होतं. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांत मात्र 'कवळी नीट बसत नाही' म्हणून जबड्याचं निखळणं आठवडेच्या आठवडे अंगावर काढलं जातं. तोवर स्नायू आखडतात, रिकाम्या खोबणीत चिवट तंतू भरतात आणि नुसत्या अंगठ्यांनी भागत नाही. मग पूर्ण भूल देऊन ओढावं लागतं, तेही न जमलं तर शस्त्रक्रिया, आणि त्यासाठी मुखशल्यचिकित्सक असलेलं मोठं रुग्णालय गाठावं लागतं.