प्रतिबिंब मोडू नये म्हणून

बीजिंगमध्ये गॅलक्सी सोहो नावाचं कार्यालयांचं आणि दुकानांचं एक मोठं संकुल आहे. झाहा हदीद यांच्या कार्यालयाने त्याचा आराखडा केला आणि २०१२ साली ते खुलं झालं. घुमटासारखे गोलसर आकार, पुलांनी एकमेकांत मिसळलेले, आणि प्रत्येक मजल्यावर दोन पट्टे: एक पांढऱ्या ॲल्युमिनियमचा, दुसरा काचेचा. नदीच्या पाण्याने वाळूवर ओढलेल्या रेघांसारखे हे पट्टे इमारतीभर फिरतात, पुलांवरून पलीकडे जातात आणि कोपरा म्हणावा असं काही नजरेला सापडत नाही.

अशा इमारतींचे फोटो आपण पाहतो आणि ‘काय छान गोलाई आहे’ म्हणून पुढे जातो. पण गोलाई आणि सलगपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपासने काढलेलं वळणही गोल असतं, तरी ते भिंतीवर बसवलं की डोळ्याला खटकू शकतं. असं का होतं, हे समजलं की या दर्शनी भागांमागची जवळजवळ सगळी मेहनत समजते.

रुळांचं उदाहरण घेऊ. सरळ रुळाला एकदम वर्तुळाचा तुकडा जोडला, तर जोडावर दिशा अगदी जुळते, कुठे टोक येत नाही. तरीही गाडी तिथे पोहोचताच प्रवाशाला बाजूला धक्का बसेल, कारण वळण शून्यावरून एका क्षणात पूर्ण झालं. म्हणून रेल्वेचे अभियंते मध्ये एक संक्रमण वक्र घालतात आणि त्यात वळण हळूहळू वाढत जातं. वळण किती तीव्र आहे याचं माप म्हणजे वक्रता. दिशा जुळली की पहिली पायरी झाली, वक्रताही जुळली की दुसरी. या धंद्यातले लोक त्यांना जी-वन आणि जी-टू म्हणतात.

इमारत काही धावत नाही, मग धक्का कुणाला बसतो? बसतो तो प्रतिबिंबाला. चकचकीत पृष्ठभागावर दिशाच जुळत नसेल, तर समोरच्या विजेच्या खांबाचं प्रतिबिंब जोडावर चक्क तुटतं. दिशा जुळली पण वक्रता जुळली नाही, तर ते तुटत नाही, पण तिथे त्याला कोपरा पडतो. वक्रताही जुळली तरच खांबाची रेघ न अडखळता वाहते. प्रतिबिंब नेहमी पृष्ठभागापेक्षा एक पायरी कमी सलग असतं. मोटारींचे कारखाने बोनेट आणि दरवाजे असेच तपासतात. तीच पद्धत आता संगणकावर इमारतींसाठी वापरतात. राइनो या प्रणालीत `Zebra` ही आज्ञा दिली की पृष्ठभागावर काळेपांढरे पट्टे उमटतात. पट्टा जिथे मोडला तिथे दोष.

आता एक प्रत्यक्ष हिशेब करू. समजा, दर्शनी भागाचा एक पट्टा सरळ येतो आणि ६ मीटर त्रिज्येने वळतो. आपण मध्ये ४ मीटर लांबीचा संक्रमण वक्र घातला. रेल्वेच्याच सूत्राने लांबीच्या वर्गाला त्रिज्येच्या २४ पटींनी भागलं, म्हणजे १६ भागिले १४४, तर उत्तर येतं सुमारे ०.११ मीटर. याचा अर्थ वळणाचा गोल भाग मूळ जागेपासून ११ सेंटिमीटर आत सरकतो. कागदावर ही किरकोळ गोष्ट आहे. पण तिथे काँक्रीटचा स्लॅब आधीच्या रेघेवर ओतून झाला असेल, तर तो पट्ट्याच्या बाहेर ११ सेंटिमीटर डोकावणार. म्हणून वक्रतेचा निर्णय स्लॅबच्या आधी व्हायला हवा. पट्ट्याचा सलगपणा शेवटी बसवायच्या पॅनेलांवर अवलंबून आहे असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो स्लॅबच्या कडेपासून सुरू होतो.

रेघ सलग झाली, तरी ती पॅनेलांच्या तुकड्यांनीच भरायची असते, आणि सगळ्यात स्वस्त तुकडा सपाट. मग सपाट तुकडे कुठवर चालतील? ६० मीटर त्रिज्येच्या सौम्य वळणावर दीड मीटर रुंदीचं सपाट पॅनेल लावलं, तर मधोमध ते मूळ वक्रापासून ५ मिलिमीटरहूनही कमी अंतर राखतं. शेजारच्या दोन पॅनेलांमध्ये कोन पडतो जेमतेम दीड अंशाचा. पत्रा असेल तर रस्त्यावरच्या माणसाला तो जाणवणारही नाही. आता तिथे काच ठेवा. आरशाचा कोन जेवढा बदलतो त्याच्या दुप्पट प्रतिबिंब वळतं, म्हणजे जवळपास तीन अंश. समोर शंभर मीटरवर दुसरी इमारत असेल, तर तिचा सुमारे ५ मीटरचा भाग दोन काचांच्या सांध्यात गडप होतो. वळण बाहेर फुगलेलं नसून आत दबलेलं असेल, तर तोच भाग दोनदा दिसतो. फरक मिलिमीटरांचा, पण डोळ्याला दिसतो तो मीटरांत.

म्हणूनच धातू आणि काच एकाच नियमाने वागवता येत नाहीत, आणि पट्ट्यांची रचना इतकी लोकप्रिय होण्याचं एक कारण मला यातच दिसतं. रंगवलेला धातू प्रतिबिंब फारसं दाखवत नाही, म्हणून अवघड वळणं त्याच्याकडे द्यायची. काच आत, सावलीत, शक्यतो उभी ठेवायची, म्हणजे तिला फार तर एकाच दिशेने वाकावं लागतं. नजर बाहेर आलेल्या धातूच्या पट्ट्याबरोबर वाहत राहते आणि काचेतला लहानसा कोन कुणी शोधत बसत नाही.

‘एकाच दिशेने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कागद नळकांड्यावर गुंडाळता येतो, पण नारळावर बसवायला गेलात की सुरकुत्या पडतात. गाऊस या जर्मन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचं कारण सिद्ध केलं: दोन्ही दिशांनी वळलेला पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा दाबल्याशिवाय सपाट पत्र्यातून मिळत नाही. आपल्याकडे दुकानांच्या आणि कार्यालयांच्या तोंडावर सर्रास दिसणारी एसीपी शीट, म्हणजे दोन पातळ पत्र्यांमध्ये भराव असलेला तक्ता, एका दिशेने छान वाकते. तिला दुहेरी वळण देता येत नाही. त्यासाठी भरीव ॲल्युमिनियमचा पत्रा लागतो आणि तो ताणावा लागतो.

हे मोठ्या प्रमाणावर झालं ते सोलमध्ये. तिथलं डोंगडेमुन डिझाइन प्लाझा, तेही हदीद यांचंच, २०१४ साली खुलं झालं. त्याच्या धातूच्या कवचात ४५,१३३ पॅनेलं आहेत आणि त्यातली निम्म्याच्या आसपास दुहेरी वळणाची आहेत. प्रत्येकासाठी वेगळा साचा करायचा म्हटलं असतं, तर पैसा आणि वेळ दोन्ही पुरले नसते. म्हणून साचाच बदलता ठेवला. दाट उभ्या खिळ्यांची गादी कल्पा, जिच्यातला प्रत्येक खिळा हव्या त्या उंचीला थांबवता येतो. संगणकातून पॅनेलचा आकार आला की खिळे त्या आकारात उभे राहतात आणि त्यांच्यावर पत्रा कडांनी धरून ताणला जातो. पुढच्या पॅनेलला खिळ्यांची उंची वेगळी. पत्रा दाब सुटल्यावर थोडा मागे उसळतो, म्हणून त्याला हव्या त्या आकाराच्या किंचित पुढेच वाकवावं लागतं.

व्हिएन्नात हेल्मुट पॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न गणिताच्या बाजूने धरला. त्यांनी विचारलं की सांध्यात थोडीशी फट आणि थोडासा कोन चालवून घेतला, तर किती दुहेरी पॅनेलांच्या जागी साधी नळकांडी वळणं बसतील, आणि एकच साचा किती जणांत वाटता येईल? मला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की डोळ्याला न दिसणारी चूक किती, हे आधी मोजून मग ती मुद्दाम वापरली आहे.

काचेला असं ताणता येत नाही. एक मार्ग म्हणजे सहाशे अंशांच्या वर तापवून साच्यात बसू देणं. इन्सब्रुकच्या नॉर्डपार्क रेल्वेची २००७ ची स्थानकं अशा काचेने झाकली आहेत. दुसरा मार्ग गार वाकवण्याचा. काच सपाटच आणायची आणि चौकटीत बसवताना एक कोपरा ओढून पिळायचा. न्यूयॉर्कमध्ये फ्रँक गेरी यांची आयएसी इमारत, तीही २००७ ची, अशा पिळलेल्या काचांची आहे. हा मार्ग स्वस्त आहे, पण काच आयुष्यभर ताणाखाली राहते आणि दुहेरी काचेच्या कडेचं सील सतत खेचलं जातं. शिवाय एका मर्यादेपलीकडे पिळलं, की काच सगळीकडे सारखी वळत नाही. ती एका कर्णावर अचानक दुमडल्यासारखी वाकते. हे ओळखायला यंत्र लागत नाही: समोरच्या छपराची रेघ काचेत पाहिली की मधूनच तिला खांदा पडलेला दिसतो.

सलग वक्रतेचा एक धोका मात्र तिच्या चांगुलपणातूनच येतो. आत दबलेली काच जितकी नितळ वळते, तितका तिचा चांगला आरसा होतो, आणि अंतर्गोल आरसा ऊन गोळा करतो. लंडनच्या २० फेन्चर्च स्ट्रीटच्या मनोऱ्याने २०१३ साली खाली उभ्या केलेल्या मोटारीचे भाग वितळवले. पुढे त्या बाजूला आडव्या पट्ट्यांची सावली बसवावी लागली.

राहता राहिलं जागेवरचं काम, आणि बहुतेक चांगले आराखडे इथेच बिघडतात. पोलादी सांगाडा आणि स्लॅबची कड ठरल्या जागेपासून दोन-तीन सेंटिमीटर चुकणं नेहमीचं असतं, आणि पॅनेल मात्र मिलिमीटरांत हवं असतं. म्हणून दोघांमध्ये वर-खाली, डावी-उजवी आणि आत-बाहेर अशा तिन्ही दिशांना सरकणारे ब्रॅकेट बसवतात आणि प्रत्येक ब्रॅकेट लेझरने मोजून मगच घट्ट करतात. एक पॅनेल लावून त्याच्या कडेवरून पुढचं लावत जाण्याचा मोह होतो, पण तसं केलं की प्रत्येकातली मिलिमीटरची चूक पुढे साचत जाते आणि पट्टा दहा-वीस पॅनेलांनंतर भलतीकडेच निघतो.

सांध्यांची रुंदीही हौसेची नाही. तीन मीटर लांब ॲल्युमिनियम पन्नास अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटर वाढतं, तेवढीच काच दीड मिलिमीटरही वाढत नाही. सांधा अरुंद ठेवला तर उन्हाळ्यात पत्र्याला पसरायला जागा उरत नाही, तो फुगतो, आणि मग महागड्या ओतीव वळणावर बशीसारखे खळगे दिसतात.

असे खळगे भर दुपारी दिसत नाहीत. जाणकार पर्यवेक्षक संध्याकाळी येतो, ऊन पट्ट्याला घासून जात असतं तेव्हा, किंवा अंधार पडल्यावर हातातला दिवा पट्ट्याला अगदी चिकटवून धरतो. एक डोळा मिटून तो पट्ट्याच्या कडेने पाहतो आणि सावली जिथे अडखळते त्या पॅनेलवर खडूने खूण करतो.