बण्ण की वर्ण?

कन्नडमध्ये भिंतीच्या रंगावर निबंध लिहायचा, तर संस्कृत ‘वर्ण’ घ्यायचा की त्याचाच तद्भव ‘बण्ण’? इथे निवड अर्थच करतो. रंगाला बण्ण म्हणतात; चातुर्वर्ण्याबद्दल लिहिताना मात्र वर्णच हवा. ‘यात्रे’ तीर्थाची आणि ‘जात्रे’ गावची, हे तर आपल्यालाही ओळखीचं.

समासात दुसरी कसोटी लागते. देशी ‘होन्’ म्हणजे सोनं. त्याला बण्ण जोडून ‘होंबण्ण’ सहज होतो. देशी शब्दाला तत्सम जोडला, की जुने वैयाकरण त्याला ‘अरिसमास’ म्हणून नाक मुरडतात, काही रूढ अपवाद सोडून.

पण तद्भवाचा हट्टही नको. ‘विद्ये’ऐवजी ‘बिज्जे’ लिहिलं, तर आजच्या गद्यात एकदम जुनं काव्य डोकावतं.