जिवाणू खत वितरकाचा करार का संपविला

सभासद बंधूंनो, जिवाणू खताच्या तालुका वितरकाचा करार आम्ही कसा संपविला, असे गटागटांत विचारणे होते. करारातील कलम ९ असे, की सलग दोन तिमाहीत विक्री ठरल्याच्या ७० टक्क्यांखाली गेल्यास ३० दिवसांच्या लेखी नोटिशीने करार संपविता येतो. ठरली होती तिमाहीस १,००० पाकिटे. उठली ५२० आणि ४६०. नोटिशीत कलम व हे आकडे दोन्ही घातले. नुसते 'काम समाधानकारक नाही' लिहिले, की वादाला जागा राहते. दिवस मोजायचे ते नोटीस पोचल्यापासून, म्हणून पोचपावती जपून ठेवली.

खरी कटकट शिल्लक मालाची. शेवटच्या दिवशी आम्ही व वितरकाने मिळून गोदाम मोजले, तर ३०० पाकिटे निघाली. पैकी ६० मुदत संपलेली, नाहीतर उन्हात पडलेली. त्यांतले जिवाणू बहुतेक मेलेले असतात, तेव्हा ती कराराप्रमाणे वितरकाच्याच माथी राहिली. बाकी २४० बीजकाच्या भावाने, २५ रुपयांप्रमाणे, परत घेतली. ६,००० रुपये झाले. वितरकाकडून येणे होते ९,५००. उरलेले ३,५०० अनामतीतून वळते केले व राहिलेली अनामत परत दिली. नवा वितरक नेमेपर्यंत पाकिटे गट कार्यालयात रोखीने मिळतील. घेताना मुदतीची तारीख पाहावी.