दोन ओळींच्या मधली फट

सॉफ्टवेअर कंपनीत कुणी नवा कोड लिहिला, की तो लगेच चालू व्यवस्थेत मिसळला जात नाही. आधी ‘पुल रिक्वेस्ट’ येते, म्हणजे बदललेल्या ओळी सहकाऱ्यापुढे तपासणीसाठी ठेवल्या जातात. तपासणारा त्या वाचतो आणि शेरे लिहितो. यातले पुष्कळसे शेरे नावं नीट नाहीत, ओळ लांब झाली, मोकळी जागा जास्त आहे अशा थाटाचे असतात. ते चुकीचे नसतात, पण त्यातली बरीचशी कामं यंत्रावर सोपवता येतात. माणसाने बघायला हवं ते वेगळंच असतं. ऑनलाइन पाकिटातून पैसे वळते करणाऱ्या या तीन ओळी पाहा.

```python
balance = get_balance(user_id)
if balance >= amount:
    set_balance(user_id, balance - amount)
```

शिल्लक वाचा, पुरेशी आहे का बघा, वजा करून नवी शिल्लक लिहा. नावं स्वच्छ, रचना सुटसुटीत, चाचण्याही हिरव्या. शैली तपासणारा इथे काही म्हणणार नाही.

आता असं धरा, की खात्यात १००० रुपये आहेत आणि एकाच ग्राहकाच्या फोनवरून आणि लॅपटॉपवरून ८०० रुपयांच्या दोन मागण्या एकाच क्षणी आल्या. पहिलीने शिल्लक वाचली, १०००. तिने नवी शिल्लक लिहायच्या आत दुसरीनेही वाचली, तीही १०००. दोघींच्या दृष्टीने पैसे पुरेसे आहेत. दोघींनी १००० मधून ८०० वजा केले आणि २०० लिहिले. माल गेला १६०० रुपयांचा आणि खात्यात उरले २००. शिल्लक उणे झालीच नाही, त्यामुळे कुठली धोक्याची सूचनाही वाजत नाही. हा घोटाळा कळतो तो व्यवहारांची बेरीज शिल्लकेशी ताडून पाहिल्यावरच.

अशा चुकीला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. चूक कुठल्याच एका ओळीत नाही, ती वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीत आहे. ती फट काही मिलिसेकंदांची असते, म्हणून प्रोग्रॅमरच्या संगणकावर एकेक करून चालवलेल्या चाचण्यांत ती सापडत नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. त्या दिवशी ओहायोतल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली सूचना-यंत्रणा अशाच चुकीमुळे मुकी झाली होती. वीज जाण्याची कारणं इतरही होती, वाहिन्या झाडांना टेकल्या होत्या. पण वाहिन्या बंद पडत चालल्याचं चालकांना वेळेवर समजलं नाही, ते यामुळे.

म्हणून असा कोड वाचताना मी प्रत्येक दोन ओळींच्या मधे थांबावं असं मानतो. इथे हे काम अडलं आणि तेवढ्यात दुसऱ्याने तीच माहिती बदलली, तर आधी वाचलेलं अजून खरं आहे का? या प्रश्नाचं उत्तर बहुधा बदललेल्या ओळींत नसतं. `set_balance` आणखी कोण हाक मारून वापरतं, परतावा देणारा रात्रीचा कार्यक्रमही हीच शिल्लक बदलतो का, हे बघायला उरलेली फाइल उघडावी लागते.

शेरा मिळाल्यावर लिहिणारा पुष्कळदा या तीन ओळींभोवती लॉक लावतो. लॉक म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारा दरवाजा. मात्र प्रोग्रॅमच्या आतलं साधं लॉक त्याच प्रोग्रॅमपुरतं चालतं. तोच प्रोग्रॅम चार सर्व्हरांवर चालू असेल, तर दरवाजेही चार होतात. ‘ट्रान्झॅक्शन’मध्ये गुंडाळलं म्हणजे झालं, हा दुसरा समज. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या ‘रीड कमिटेड’ पातळीवर वरचा प्रसंग ट्रान्झॅक्शनमध्येही तसाच घडतो. बरा उपाय म्हणजे तपासणं आणि वजा करणं ही दोन्ही कामं डेटाबेसकडे एकाच आज्ञेत सोपवणं.

```sql
UPDATE wallet SET balance = balance - 800
WHERE user_id = 42 AND balance >= 800;
```

आता दुसरी मागणी पहिली पुरी होईपर्यंत थांबते, मग अट पुन्हा तपासली जाते आणि २०० मध्ये ८०० बसत नाहीत. पण किती नोंदी बदलल्या हे कोडने विचारलं पाहिजे. उत्तर शून्य आलं तरी माल पाठवला, तर सगळं मुसळ केरात.

शेरा लिहिताना ‘हे थ्रेड-सेफ आहे का?’ एवढंच विचारलं, तर ‘हो’ असं उत्तर येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी १००० आणि ८०० चा तो क्रम पायरीपायरीने लिहून द्यावा आणि तो घडवून आणणारी चाचणी मागावी. पायथॉनमध्ये `threading.Barrier(2)` वापरून दोन्ही थ्रेड शिल्लक वाचून होईपर्यंत अडवता येतात आणि मग एकदम सोडता येतात. त्यामुळे जुन्या कोडमधली चूक नशिबावर न सोडता दर वेळी दिसते.

एक गोष्ट मात्र या दुरुस्तीने सुटत नाही. खात्यात २००० रुपये असतील आणि नेटवर्क अडखळल्यामुळे फोनने तीच मागणी दोनदा पाठवली, तर दोन्ही मागण्या नियमात बसतात आणि ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातात. तिथे प्रत्येक मागणीला स्वतःचा क्रमांक द्यावा लागतो आणि तो क्रमांक एकदाच स्वीकारला जाईल अशी अट डेटाबेसमध्येच घालावी लागते. ती अट या पुल रिक्वेस्टमध्ये आहे का, हा पुढचा शेरा.