मावशी, आवंढा गिळा

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला सर्जरीच्या प्रॅक्टिकलमध्ये गळ्याची केस आली की परीक्षकांचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: “ही सूज थायरॉइडचीच, हे कशावरून?” विद्यार्थी सांगतो, “सर, गिळताना ती वर सरकते.” लगेच दुसरा प्रश्न येतो, “का सरकते?” इथे पुष्कळजण अडखळतात. पुढची सगळी तपासणी या दुसऱ्या उत्तरावर उभी आहे, म्हणून ते नीट समजून घेऊ.

थायरॉइड ग्रंथी कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला पुढून बिलगून असते. दोन बाजूंना दोन खंड आणि मधे त्यांना जोडणारा अरुंद पट्टा. श्वासनलिकेसमोरच्या पातळ आवरणात ती गुंडाळलेली असते आणि मागच्या बाजूने बेरीच्या बंधाने स्वरयंत्राच्या खालच्या कूर्चेशी आणि श्वासनलिकेच्या वरच्या कड्यांशी घट्ट बांधलेली असते. आपण गिळतो तेव्हा स्वरयंत्र वर उचललं जातं आणि त्याच्याबरोबर थायरॉइडही वर जाते. चरबीची गाठ किंवा मानेच्या कडेची लसिकाग्रंथी अशी बांधलेली नसते, म्हणून ती जागची हलत नाही.

आता एक केस घेऊ. समजा, 45 वर्षांच्या एका मावशींच्या गळ्यावर उजव्या बाजूला वर्षभरापासून फुगवटा आहे. दुखत नाही, आवाज बदललेला नाही, गिळायला त्रास नाही.

“बघायला सुरुवात कशी करशील?” विद्यार्थ्याने मावशींना स्टुलावर ताठ बसवायचं, गळा पूर्ण उघडा हवा, उजेड समोरून हवा. मान थोडी मागे झुकवली की फुगवटा स्पष्ट होतो. परीक्षेच्या गडबडीत पेशंटच्या तोंडाला कोरड पडलेली असते, आणि “आवंढा गिळा” असं तिसऱ्यांदा सांगितल्यावर कुणालाही ते जमत नाही. म्हणून हातात पाण्याचा पेला द्यावा. “घोट तोंडात धरा, मी सांगितलं की गिळा,” असं सांगितलं की डॉक्टरची नजर ऐन क्षणी गळ्यावर असते.

मावशींनी घोट गिळला, फुगवटा वर गेला आणि खाली आला. “मग थायरॉइडच, नक्की?” इथे घाई करू नये. थायरॉग्लॉसल सिस्ट आणि श्वासनलिकेसमोरच्या लसिकाग्रंथीसुद्धा गिळताना वर जातात. सिस्ट ओळखायला जिभेची मदत होते. गर्भात थायरॉइड जिभेच्या मुळाशी तयार होऊन गळ्यात उतरते, आणि त्या वाटेचा उरलेला धागा हायॉइड हाडाला धरून राहतो. या धाग्यातली सिस्ट जीभ बाहेर काढताच वर ओढली जाते. तोंड आधीच उघडं ठेवून मग जीभ काढायला सांगायची, नाहीतर जबड्याच्या हालचालीने फसगत होते. मावशींचा फुगवटा जिभेबरोबर हलला नाही आणि तो मध्यरेषेवरही नाही. थायरॉइडच.

उलटा प्रश्नही येतो: “थायरॉइड असूनही हलली नाही तर?” ग्रंथी फार मोठी झाली असेल, छातीच्या हाडामागे अडकली असेल, किंवा कर्करोगाने आजूबाजूच्या भागात मुळं रोवली असतील. रीडेलच्या थायरॉइडायटिस या दुर्मीळ आजारातही ती दगडासारखी जखडते. हालचाल नसणं ही सगळ्यात गंभीरपणे घ्यायची खूण आहे.

मग हात लावायची पाळी. थायरॉइड पाठीमागे उभं राहून तपासतात. अनोळखी माणसाने मागून गळ्याला हात घालणं कुणालाही दचकवणारं असतं, त्यामुळे “मावशी, मागून गळा तपासतो, दुखणार नाही” हे आधी सांगायलाच हवं. अंगठे मानेच्या मागे, बोटं पुढे. “मान कशी ठेवशील?” बघताना मागे झुकवलेली मान आता किंचित पुढे घ्यायची. मागे ताणलेल्या मानेत स्नायू कडक होतात आणि बोटांना ग्रंथीऐवजी स्नायूच लागतात. गाठ सापडत नाही अशी तक्रार असेल, तर आधी मानेकडे पाहावं.

बोटं स्थिर ठेवून मावशींना पुन्हा घोट घ्यायला सांगायचं. बोटं गाठ शोधत फिरत नाहीत, गाठ बोटांखालून सरकत जाते. उजव्या खंडात साधारण 3 सेंटिमीटरची, गोल, गुळगुळीत, रबरासारखी घट्ट गाठ लागली. बाकीची ग्रंथी लागत नाही, म्हणून ही एकटी गाठ. मागून अंदाज येत नसेल तर लाहे यांच्या पद्धतीने समोर बसून एका हाताने डावा खंड उजवीकडे ढकलायचा. त्यामुळे उजवा खंड पुढे येतो आणि दुसऱ्या हाताला नीट लागतो. अगदी लहान गाठीसाठी क्राइल यांची पद्धत: अंगठा ग्रंथीवर ठेवून गिळायला लावायचं.

“खालची कड लागते का?” हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि विद्यार्थी नेमका तोच विसरतात. गिळताना ग्रंथी वर जाते त्या क्षणी बोटं तिच्या खाली गेली पाहिजेत. गेली नाहीत, तर ग्रंथी छातीत उतरलेली असू शकते. अशा वेळी दोन्ही हात कानांना लागतील इतके वर करून मिनिटभर धरायला सांगतात. चेहरा लालसर निळसर होऊन फुगला तर छातीच्या तोंडाशी रक्तवाहिन्या दाबल्या जात आहेत, हे कळतं. ही पेम्बर्टनची खूण. मावशींची खालची कड सहज लागली. श्वासनलिका मधोमध होती, कॅरॉटिड धमनीचे ठोके दोन्हीकडे लागले, मानेत लसिकाग्रंथी नव्हत्या. नाडी, हातांची थरथर आणि डोळेही पाहून झाले, त्यांत काही वावगं नव्हतं.

शेवटी परीक्षक विचारतात, “हाताला कडक लागली म्हणजे कॅन्सर?” याचं उत्तर नाही असं आहे. पाण्याने तट्ट भरलेली सिस्टसुद्धा कडक लागते, जुन्या गाठीत कॅल्शियम साठलं की तीही कडक होते, आणि काही पॅपिलरी कर्करोग मऊ असतात. थायरॉइडच्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. शिवाय 1 सेंटिमीटरहून लहान किंवा खोल दडलेली गाठ बोटांना सापडेलच असं नाही. हाताला एकटी वाटलेली गाठ सोनोग्राफीत पुष्कळदा अनेकांतली सर्वांत मोठी निघते. मात्र जखडलेली गाठ, बसलेला आवाज, मानेतल्या लसिकाग्रंथी, झपाट्याने वाढ, यांतलं काहीही असेल तर पुढच्या तपासण्या लांबवायच्या नाहीत.

मावशींना आधी रक्तातील टीएसएच तपासायला सांगायचा आणि सोनोग्राफी करायची. टीएसएच कमी आला तर गाठ स्वतःच जास्त हार्मोन बनवते का, हे पाहायला थायरॉइड स्कॅन. नॉर्मल किंवा जास्त आला, तर सोनोग्राफीत गाठ कशी दिसते आणि केवढी आहे हे पाहून बारीक सुईने त्यातल्या पेशी काढून तपासायच्या, म्हणजे एफएनएसी. मावशी बाह्यरुग्ण विभागात येतात, सुई टोचून घेतात आणि त्याच दिवशी घरी जातात.